हवा त्या क्रमाने मोजणारा सिंक्रोनस काउंटर: 1-5-4-6-2-3 पासून ब्रेडबोर्डपर्यंत

डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंगला डिजिटल विषय असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न कधी ना कधी सोडवलेला असतो, "अमुक क्रमाने मोजणारा सिंक्रोनस काउंटर डिझाइन करा". क्रम कुठलातरी ओढूनताणून दिलेला असतो, टेबल भरायचं, के-मॅप काढायचे, सर्किट काढायचं, मार्क घ्यायचे. तो क्रम कुणाला कशाला लागतो हे कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे शेवटची पायरी, म्हणजे न वापरलेल्या स्टेटचं काय होतं ते तपासणं, बहुतेक जण सोडून देतात (मीपण सोडायचो). म्हणून इथे एक असा क्रम घेतोय जो खरोखर वापरात आहे आणि ज्यात ती शेवटची पायरी सोडली तर सर्किट हमखास अडकतं.

इलेक्ट्रिक स्कूटरच्या चाकातली जी ब्रशलेस मोटर असते तिच्यात बऱ्याचदा तीन हॉल सेन्सर असतात. चाक फिरलं की ते तीन सेन्सर मिळून तीन बिटांचा एक कोड कंट्रोलरला देत राहतात आणि कंट्रोलर त्यावरून ठरवतो की कुठल्या फेजला करंट द्यायचा. सेन्सर 120 अंशाच्या हिशोबाने लावलेले असतील तर कोड असा फिरतो:

```
001 → 101 → 100 → 110 → 010 → 011 → परत 001
```

आकड्यात 1, 5, 4, 6, 2, 3. नीट बघितलं तर प्रत्येक पायरीला एकच बिट बदलतो. आणि 000 आणि 111 हे दोन कोड यात कधीच येत नाहीत, ते आले तर कंट्रोलर समजतो की सेन्सर किंवा त्याची वायर गेली. आता समजा कंट्रोलर टेबलावर आहे, मोटर जवळ नाही, आणि कंट्रोलर जिवंत आहे का ते बघायचंय, तर त्याला हे खोटे हॉल सिग्नल देणारं काहीतरी हवं. मायक्रोकंट्रोलरने ते पाच मिनिटांत होतं, मान्य. पण आपल्याला काउंटर डिझाइन शिकायचंय, तर तीन फ्लिपफ्लॉपमध्येच करू.

आधी नावं ठरवा, मग पेन उचला

तीन बिट म्हणून तीन फ्लिपफ्लॉप. नावं A, B, C. A सगळ्यात डावीकडचा, म्हणजे त्याची किंमत 4, B ची 2, C ची 1. हे वहीच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा, कारण अर्धे लोक टेबलात A डावीकडे घेतात आणि वायरिंग करताना पहिला फ्लिपफ्लॉप म्हणजे सगळ्यात लहान बिट असं समजून जोडतात, मग क्रम भलताच येतो आणि दोष बिचाऱ्या के-मॅपला जातो.

फ्लिपफ्लॉप जेके घेऊ. लॅबमध्ये 7476 सहज मिळतो हे एक कारण, आणि जेकेच्या टेबलात डोन्ट केअर भरपूर येतात म्हणून समीकरणं छोटी होतात हे दुसरं.

एक्सायटेशन टेबल म्हणजे उलटा प्रश्न

फ्लिपफ्लॉपचं साधं टेबल सांगतं की J आणि K इतके दिले तर आउटपुट काय होईल. आपल्याला प्रश्न उलटा पडलेला असतो, आउटपुट आत्ता इतकं आहे आणि पुढच्या क्लॉकला इतकं हवंय, तर J आणि K काय द्यावे? त्याचं उत्तर म्हणजे एक्सायटेशन टेबल.

```
आत्ता → पुढे    J  K
0 → 0          0  x
0 → 1          1  x
1 → 0          x  1
1 → 1          x  0
```

हे पाठ करायची गरज नाहीये. 0 चा 1 करायचा असेल तर एकतर सेट करा (J=1, K=0) किंवा टॉगल करा (J=1, K=1), दोन्हीत J तर 1 च आहे, K काहीही चालतो, म्हणून x. बाकीच्या ओळीपण अशाच निघतात. लक्षात ठेवायची खूण एवढीच की बिट 0 असताना फक्त J ला किंमत असते आणि 1 असताना फक्त K ला.

आता पूर्ण टेबल

डावीकडे आत्ताची स्टेट, मग पुढची, आणि मग प्रत्येक बिटासाठी वरच्या चार ओळींपैकी एक ओळ उचलून ठेवायची. मी मुद्दाम क्रमाच्याच ओळीने लिहितो, 000, 001 अशा चढत्या ओळीने नाही, कारण मग प्रत्येक ओळीतली "पुढची" स्टेट हीच खालच्या ओळीतली "आत्ताची" असते आणि चूक झाली तर डोळ्यांनाच दिसते.

```
ABC   पुढे   JA KA  JB KB  JC KC
001   101   1  x   0  x   x  0
101   100   x  0   0  x   x  1
100   110   x  0   1  x   0  x
110   010   x  1   x  0   0  x
010   011   0  x   x  0   1  x
011   001   0  x   x  1   x  0
000   ---   x  x   x  x   x  x
111   ---   x  x   x  x   x  x
```

एक ओळ बोलून बघू. 100 वरून 110 ला जायचंय. A होता 1 आणि 1 च राहायचाय, म्हणून x 0. B होता 0, व्हायचाय 1, म्हणून 1 x. C होता 0, राहायचाय 0, म्हणून 0 x. झालं. खालच्या दोन ओळी म्हणजे न वापरलेल्या स्टेट, तिथे सध्या सगळीकडे x टाकलाय. या दोन ओळी विसरू नका, सगळी गंमत पुढे त्यांच्यातच आहे.

के-मॅप

सहा मॅप काढायचे, प्रत्येक J आणि K साठी एक. ओळींना A, कॉलमना BC, आणि कॉलमचा क्रम 00, 01, 11, 10. (00, 01, 10, 11 असा लिहिलात तर शेजारी नसलेले खाने शेजारी दिसतात आणि ग्रुपच चुकतो, ही चूक मी शेवटच्या वर्षालासुद्धा केलीये.) आणि मॅपमधली जागा नेहमी आत्ताच्या स्टेटवरून शोधायची. पुढच्या स्टेटच्या खान्यात आकडा टाकणं ही सगळ्यात जास्त दिसणारी चूक, कारण त्यात मॅप दिसायला व्यवस्थित दिसतो, उत्तरपण निघतं, फक्त ते दुसऱ्याच सर्किटचं असतं.

A साठीचे दोन मॅप:

```
JA   BC: 00  01  11  10
A=0       x   1   0   0
A=1       x   x   x   x

KA   BC: 00  01  11  10
A=0       x   x   x   x
A=1       0   0   x   1
```

JA मध्ये एकच खरा 1 आहे, 01 च्या कॉलमात. त्याच्या डावीकडे x, खाली x, तिरक्या कोपऱ्यातपण x, म्हणजे 00 आणि 01 हे दोन अख्खे कॉलम मिळून चार खान्यांचा ग्रुप होतो. त्या चारही खान्यांत B शून्य आहे, म्हणून JA = B'. KA मध्ये 1 आहे 10 च्या कॉलमात, शेजारी 11 चा x, वर दोन x, परत चारचा ग्रुप, तिथे सगळीकडे B एक आहे, म्हणून KA = B.

B साठी:

```
JB   BC: 00  01  11  10
A=0       x   0   x   x
A=1       1   0   x   x

KB   BC: 00  01  11  10
A=0       x   x   1   0
A=1       x   x   x   0
```

JB मधला 1 डाव्या कडेला आहे आणि x उजव्या कडेला. के-मॅपच्या डाव्या-उजव्या कडा एकमेकींना चिकटलेल्या असतात, कागद गुंडाळून नळी केल्यासारख्या, म्हणून 00 आणि 10 चे कॉलम मिळून ग्रुप, JB = C'. KB मध्ये 01 आणि 11 चे कॉलम, KB = C.

C चे दोन्ही मॅप तुम्हीच काढा, उत्तर JC = A' आणि KC = A यायला पाहिजे. नाही आलं तर टेबलातले शेवटचे दोन कॉलम परत बघा.

सगळं एकत्र:

```
JA = B'    KA = B
JB = C'    KB = C
JC = A'    KC = A
```

एकसुद्धा गेट नाही! उलटे सिग्नल फ्लिपफ्लॉपच्या Q' पायावर आयते मिळतात, म्हणजे नुसत्या वायरी. परीक्षेत इथपर्यंत आलं की लोक खाली दोन रेघा मारून पुढच्या प्रश्नाला जातात.

आता x चा हिशोब द्या

x म्हणजे "काहीही चालेल" असं आपण कागदावर म्हटलं, पण सर्किटमध्ये x नावाची व्होल्टेज नसते. ज्या क्षणी तुम्ही x ला ग्रुपमध्ये घेतलं त्या क्षणी तो 1 झाला, बाहेर ठेवलं तर 0 झाला. म्हणजे 000 आणि 111 वरून सर्किट कुठे जाणार हे नकळत आपणच ठरवून बसलोय. ते काय ठरवलंय ते समीकरणांत आकडे टाकून बघायचं.

000 टाका. B शून्य म्हणून JA=1, KA=0, A होणार 1. C शून्य म्हणून B होणार 1. A शून्य म्हणून C होणार 1. पुढची स्टेट 111. आता 111 टाका, तिन्ही J शून्य, तिन्ही K एक, पुढची स्टेट 000. म्हणजे 000 वरून 111, 111 वरून 000, कायमचं. सर्किट एकदा का या खड्ड्यात पडलं की कितीही क्लॉक द्या, आपल्या सहा स्टेटमध्ये ते कधीच येणार नाही. याला लॉकआउट म्हणतात.

आणि पडायचं कसं, तर अगदी सोपं आहे. पॉवर दिल्यावर फ्लिपफ्लॉप कुठल्याही स्टेटमध्ये उठू शकतात. त्याहून वाईट म्हणजे आपली सवय, काउंटर जोडला की पहिलं काम म्हणून क्लिअर दाबायचा. मी हेच केलं होतं. कॉलेजच्या लॅबमधल्या किटवर हाच क्रम जोडला, शहाणपणा करून आधी क्लिअर दाबला, आणि तिन्ही एलईडी एकदम लागतायत, एकदम विझतायत, लग्नाच्या मांडवातल्या माळेसारखे. मला वाटलं क्लॉकची वायर चुकून तिन्ही आउटपुटला लागलीये. तासभर वायरी उपटून परत लावल्या, आयसी बदलला, आणि दोष होता त्या नुसत्या दोन x च्या ओळींमध्ये. त्यामुळे तिन्ही दिवे एकत्र उघडझाप करत असतील तर आधी लॉकआउटचा संशय घ्या, नंतर वायरचा.

(जाता जाता: B च्या जागी सगळीकडे B' लिहून बघा, हा क्रम म्हणजे वेष बदललेला तीन बिटांचा जॉन्सन काउंटर निघतो, आणि जॉन्सन काउंटरचा 010 आणि 101 मध्ये अडकायचा रोग तर जुनाच आहे. ज्या मोटरमध्ये सेन्सर 60 अंशाने लावतात तिथे सरळ जॉन्सनचाच क्रम येतो आणि चुकीचे कोडपण तेच, 010 आणि 101.)

दुरुस्ती: एक x परत घ्या

सगळं परत करायची गरज नाही. खड्डा तोडायला दोनपैकी एका स्टेटची वाट बदलली तरी पुरे. JA च्या मॅपमध्ये जा. 000 चा x आपण ग्रुपमध्ये घेऊन 1 केला होता, आता त्याला बाहेर ठेवू म्हणजे तो 0. मग खरा 1 असलेला 01 चा कॉलम एवढाच ग्रुप उरतो, दोन खान्यांचा, तिथे B शून्य आणि C एक:

```
JA = B'·C
```

बाकी पाचही समीकरणं तशीच. परत तपासू. 000 वर JA=0, KA=0, A राहतो 0, B होतो 1, C होतो 1, पुढची स्टेट 011. ती आपल्या क्रमातली आहे. 111 वरून अजूनही 000 येतं, पण तिथून 011. म्हणजे कुठूनही सुरुवात झाली तरी जास्तीत जास्त दोन क्लॉकमध्ये गाडी रुळावर.

मूळ सहा स्टेट बिघडल्या नाहीत ना, तेपण बघायला हवं. JA ला किंमत फक्त A=0 असताना, म्हणजे 001, 010, 011 इथे. 001 वर B'·C = 1, बरोबर. 010 आणि 011 वर B एक आहे म्हणून 0, बरोबर. 100 वर आता J=0, K=0 येतं, आधी J=1, K=0 यायचं, पण दोन्हीत A एकच राहतो, म्हणजे काही फरक नाही.

खर्च किती, तर एक दोन इनपुटांचा अँड गेट. हेच डी फ्लिपफ्लॉपने केलं असतं तर DA = B'·(A + C) लागलं असतं, म्हणजे अँडबरोबर एक ऑरपण. फार नाही, पण जेके का घेतला त्याचं उत्तर मिळालं.

ब्रेडबोर्डवर

दोन 7476 आणि एक 7408 लागेल. 7476 चा पॉवरचा घोळ आधी सांगतो, यात 5 व्होल्ट पाय 5 ला आणि ग्राउंड पाय 13 ला असतं, कोपऱ्यात नाही. सवयीने 16 आणि 8 ला दिलं तर आयसी चालणार नाही, वर गरम होऊन मरायची शक्यता वेगळीच. 7408 ला मात्र नेहमीसारखं 14 आणि 7.

पहिल्या आयसीचा पहिला अर्धा A, दुसरा अर्धा B, दुसऱ्या आयसीचा पहिला अर्धा C. जोडण्या अशा:

```
IC1-4  (JA) ← 7408 आउटपुट (पाय 3)
7408 पाय 1  ← IC1-10 (B')
7408 पाय 2  ← IC2-15 (C)
IC1-16 (KA) ← IC1-11 (B)
IC1-9  (JB) ← IC2-14 (C')
IC1-12 (KB) ← IC2-15 (C)
IC2-4  (JC) ← IC1-14 (A')
IC2-16 (KC) ← IC1-15 (A)
क्लॉक: IC1-1, IC1-6, IC2-1 एकत्र
```

प्रीसेट आणि क्लिअर (पाय 2, 3, 7, 8) हे शून्याला काम करतात, म्हणून त्यांना प्रत्येकी 1 किलोओहमने 5 व्होल्टला ओढून ठेवा. हवेत लटकत सोडले तर टीटीएलमध्ये साधारण 1 सारखेच वागतात आणि म्हणून सर्किट चालतंय असं वाटतं, मग हात जवळ नेला की मधेच स्टेट उडी मारते.

क्लॉकला साधं बटण लावू नका. बटणाचे पत्रे दाबताना थरथरतात आणि एका दाबात तीनचार क्लॉक जातात, मग 1 नंतर थेट 6 दिसतो आणि डिझाइन चुकलं असं वाटतं. 555 लावा, 10 किलोओहम, 68 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरडला जवळपास 1 हर्ट्झ येतो, डोळ्यांनी आरामात मोजता येतं.

आता मुद्दाम खड्ड्यात ढकलून बघा. A, B, C तिघांच्या क्लिअरला (IC1-3, IC1-8, IC2-3) एकदम ग्राउंड लावून सोडा, 000 दिसेल, आणि पुढच्या क्लॉकला 011 यायला पाहिजे. मग तिघांच्या प्रीसेटला (IC1-2, IC1-7, IC2-2) तसंच करा, 111, मग 000, मग 011. आता 7408 चा आउटपुट काढून IC1-4 थेट IC1-10 ला जोडा आणि परत क्लिअर द्या, ती मांडवाची माळ तुम्हालापण दिसेल. एकदा बघून ठेवा म्हणजे पुढे कधी दिसली तर ओळखू येईल.

एक मात्र आहे, कंट्रोलरला सुरुवातीचे एकदोन क्लॉकसुद्धा 000 किंवा 111 दिसले तर तो फॉल्ट दाखवून बसू शकतो. त्यासाठी रीसेट बटण असं करा की A आणि B ला क्लिअर जाईल पण C ला प्रीसेट, म्हणजे बटण दाबल्यावर 000 ऐवजी 001 वर येईल. बटण दाबून ठेवा, कंट्रोलरला पॉवर द्या, मग सोडा.

कंट्रोलरला जोडताना

हॉल सेन्सरचा आउटपुट सहसा ओपन कलेक्टर असतो, तो फक्त खाली ओढतो, वर ओढायचं काम कंट्रोलरमधला रेझिस्टर करतो. म्हणून 7476 चा पाय थेट न जोडता प्रत्येक लाइनला एक एनपीएन ट्रान्झिस्टर लावा, बेसला 10 किलोओहम, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर कंट्रोलरच्या हॉल वायरला. ट्रान्झिस्टर सिग्नल उलटा करेल, मग क्रम बिघडणार का? करून बघा: 1, 5, 4, 6, 2, 3 चे सगळे बिट उलटे केले की 6, 2, 3, 1, 5, 4 येतात, तोच क्रम, फक्त अर्धा फेरा पुढे. फेज वायरींना मोटर लावू नका, हे सिग्नल खोटे आहेत आणि मोटर खरी, ती कुठे आहे हे कंट्रोलरला कळणारच नाही आणि करंट भलतीकडे जाईल. फेजवर मल्टिमीटर किंवा स्कोप लावून आउटपुट आळीपाळीने बदलतायत का तेवढंच बघायचं.

वेगाचा हिशोब सोपा आहे, सहा क्लॉकला एक इलेक्ट्रिकल फेरा. 60 हर्ट्झचा क्लॉक दिला तर सेकंदाला 10 फेरे, आणि मोटरला चुंबकाच्या 4 जोड्या असतील तर चाकाचे सेकंदाला अडीच फेरे, म्हणजे 150 आरपीएम. उलटी दिशा हवी असेल तर परत टेबल मांडायची गरज नाही, कंट्रोलरकडे जाणाऱ्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल करा, क्रम आपोआप उलटा वाचला जातो.